पार्सल आणून देणाऱ्या भाऊंचे वर्षअखेरीस आभार : पाकिटात किती ठेवावे, चिठ्ठीत काय लिहावे?

शाळेतल्या_बाई | २३ डिसेंबर, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. वर्ष संपायच्या आत एक काम नीट पार पाडायचं आहे, म्हणून विचारते. आमच्याकडे कुरिअर घेऊन येणाऱ्या भाऊंना आभाराची चिठ्ठी आणि सोबत थोडे पैसे द्यायचे आहेत.

आमचं गाव आर्णी तालुक्यात, नागपूर-तुळजापूर रस्ता सोडून बरंच आत. मामाजींचं आतड्याचं ऑपरेशन नागपूरला झालं, तेव्हापासून त्यांना पोटावर पिशवी लावावी लागते. ती पिशवी आणि तिची चिकटणारी चकती मापाचीच लागते. आर्णीत ती मिळत नाही आणि यवतमाळला मिळाली तरी मापाची मिळेल याचा भरवसा नाही. म्हणून ऑनलाइन मागवतो. चकती तीन-चार दिवसांनी बदलावीच लागते. दहाचा डबा संपत आला आणि पुढचा वाटेत असला की घरात सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो.

या भाऊंनी वर्षभरात एकही डबा परत जाऊ दिला नाही. पावसाळ्यात गावाआधीच्या नाल्याला पूर आला होता तेव्हा पाणी उतरेपर्यंत ते पलीकडच्या टपरीवर थांबले, डबा रेनकोटच्या आत धरून. अजून एक गोष्ट मी कधी विसरणार नाही. आमच्या घरासमोर पारावर कायम माणसं बसलेली असतात आणि डब्यावर आत काय आहे ते मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. हे भाऊ डबा देताना छापील बाजू स्वतःच्या अंगाकडे करून देतात. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मामाजींच्या ते पहिल्याच वेळी लक्षात आलं होतं.

चिठ्ठीचा कच्चा मसुदा असा :

"भाऊ, वर्षभर तुम्ही आमच्या मामाजींच्या पोटाच्या पिशव्या वेळेवर आणल्या. मी शाळेत असले की फोनवर ओटीपी घेऊन तुम्ही डबा किराणा दुकानात ठेवून जायचे. रविवारी तुमचं काम नसतानाही एकदा येऊन गेलात. तुमचे उपकार आम्ही विसरणार नाही. सोबत लहानशी भेट."

हीच चिठ्ठी कंपनीलाही पाठवावी असा विचार आहे, म्हणजे त्यांचं नाव होईल. पैसे किती द्यावेत? रोख द्यावेत की मोबाइलवरून? त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये एवढीच इच्छा आहे.

---

अभि_पुण्यातून | २३ डिसेंबर, रात्री ९:४२

ताई, किती छान विचार! माझं गाव दिग्रसकडे, सध्या पुण्यात असतो. पैशाचं सोपं आहे. अ‍ॅपमध्ये ऑर्डर उघडा, खाली टिपचा पर्याय येतो, तिथून द्या. पूर्ण रक्कम डिलिव्हरी करणाऱ्याला जाते. इथे मी जेवणाच्या ऑर्डरला नेहमी असंच देतो.

---

वरुडची_संत्री | २३ डिसेंबर, रात्री १०:०५

आमच्याकडे तर उलटच आहे बाई. मी दिवसभर घरात होते, फाटक उघडं होतं आणि मोबाइलवर मेसेज काय आला तर "ग्राहक घरी उपलब्ध नाही". असं दोनदा झालं आणि पार्सल परत गेलं. लेकीच्या साखरपुड्याचं ब्लाउज होतं त्यात. तक्रार कुठे करायची ते इथे कोणी सांगेल का? तुमचा धागा तक्रारीचाच आहे असं समजून उघडला होता, वाचलं तर आभाराचा निघाला. तरी विचारतेच.

---

जुना_रनशीटवाला | २३ डिसेंबर, रात्री ११:२०

शाळेतल्या बाई, मी बरीच वर्षं एका तालुक्याच्या कुरिअर शाखेत सकाळी कोणत्या पोराने कोणती पार्सलं न्यायची याच्या याद्या, म्हणजे रनशीट, काढायचो आणि संध्याकाळी पोरांचा हिशेब घ्यायचो. त्या अनुभवावरून सांगतो. ही चिठ्ठी आहे तशी कंपनीला पाठवू नका. तुमची भावना शंभर टक्के खरी आहे, पण ती वाचून त्याला नोटीस येऊ शकते.

कारण असं. ओटीपीचा अर्थ "पार्सल घेणाऱ्याच्या हातात पडलं" असा धरला जातो. फोनवर आधी ओटीपी घेऊन पार्सल दुसरीकडे ठेवणं हे शाखेच्या भाषेत चुकीची डिलिव्हरी. काही पोरं याच वाटेने पार्सल गायब करतात, म्हणून कंपन्या याबाबत फार कडक असतात. वर बसलेल्या माणसाला तुमचं गाव, तुमची शाळा, किराणा दुकानदाराशी असलेला विश्वास यातलं काही दिसत नाही. त्याला एकच ओळ दिसते : ग्राहक स्वतः लेखी सांगतोय की ओटीपी फोनवर घेतला आणि माल दुकानात ठेवला. रविवारचंही तसंच. त्या दिवशीच्या रनशीटवर ते पार्सल नसेल तर "शाखेबाहेर माल रात्रभर कुणाच्या ताब्यात होता?" असा प्रश्न निघतो.

हे सगळं त्याला तोंडी सांगा, मनापासून सांगा. कागदावर मात्र नियमात बसणारं तेवढंच लिहा. वेळेवर आणलं, आधी फोन केला, पुरात थांबला, सामान ओलं होऊ दिलं नाही, वागणूक सभ्य. एवढं भरपूर आहे आणि खरंही आहे.

त्याच्या हातात द्यायच्या चिठ्ठीलाही हेच लागू धरा. आमच्याकडे पोरं अशी चिठ्ठी मिळाली की आनंदाने फोटो काढून स्टेटसला ठेवायची. तासाभरात तो फोटो शाखेच्या ग्रुपवर यायचा.

मामाजींच्या आजाराचा उल्लेखही काढा. "औषधोपचाराचं सामान" एवढं पुरे. ज्या माणसाने वर्षभर छापील बाजू झाकून डबा दिला, त्याच्याच चिठ्ठीतून ते गावभर जायला नको.

अभि, जेवणाच्या आणि किराणाच्या अ‍ॅपमध्ये टिपची सोय असते. कुरिअरने येणाऱ्या पार्सलला ती बहुतेक नसते. विक्रेता वेगळा, वाहतूक कंपनी वेगळी, आणि तालुक्याला शाखा चालवणारा कंत्राटदार तिसराच. पोरगा असतो त्या कंत्राटदाराचा. अजून एक, अ‍ॅपवर वस्तूला पाच तारे दिले तर ते विक्रेत्याला जातात, आणणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही. डिलिव्हरीनंतर मेसेजमध्ये वेगळी लिंक येते, तिथले तारे त्याचे.

---

अभि_पुण्यातून | २३ डिसेंबर, रात्री ११:३१

अच्छा, हे तीन थर माहीत नव्हते. मग सीओडीच्या क्यूआरवरच थोडे जास्त पैसे टाकले तर? बिल आणि टिप एकत्र.

---

जुना_रनशीटवाला | २३ डिसेंबर, रात्री ११:५५

तेच तर करायचं नाही. समजा बिल ८४७ रुपयांचं आहे. पोरगा मोबाइलवर जो क्यूआर दाखवतो त्यात बहुधा ८४७ आधीच भरलेले असतात, एक रुपया वाढवता येत नाही. शाखेचा छापील क्यूआर असेल तर तुम्ही हजार टाकू शकता, पण ते हजारही शाखेच्या खात्यात जातात. वरचे १५३ कुणाचे, हे तिथे कुणालाच कळत नाही. मी स्वतः असे जास्तीचे आकडे महिनोन्‌महिने वहीत पडून राहिलेले पाहिले आहेत. पोराच्या हातात एक पैसा गेला नाही.

आता त्याच्या स्वतःच्या नंबरवर टाकायचे म्हटलं तरी सीओडीच्या दिवशी नको. बिलाचे पैसे स्वतःच्या खात्यात घेणं हा शाखेतला मोठा गुन्हा आहे, कारण पैसे घेऊन पळून जाण्याची सुरुवात तिथूनच होते. त्याच वेळेला, त्याच ग्राहकाकडून त्याच्या खात्यावर रक्कम आली की ती टिप होती हे त्याला सिद्ध करत बसावं लागतं.

रोखीचंही तसंच. बिलाच्या पैशांत टिप मिसळून दिली की संध्याकाळी थैलीत रक्कम जास्त भरते आणि मग "कुणाकडून जास्त घेतले?" अशी चौकशी होते. कमी भरली तर त्याच्या पगारातून कापतात, हे तर सगळ्यांना माहीत आहे. म्हणून ज्या दिवशी पैसे आधीच भरलेलं पार्सल येईल त्या दिवशी बंद पाकिटात रोख द्या. पाकिटावर त्याचं नाव आणि "नववर्षाची भेट" एवढं लिहा. शाखेत नेऊन देऊ नका, थेट त्याच्याच हातात द्या.

---

दर्यापूरचे_काका | २४ डिसेंबर, सकाळी ६:४०

सुनबाई, पैशापेक्षा धान्य द्या. आमच्या लहानपणी खळं झालं की गावातल्या प्रत्येक कामकऱ्याला पायलीने ज्वारी मोजून द्यायचे. आता तुरी निघतीलच. पाच किलो तूरडाळ दिली तर त्याचं घर महिनाभर नाव काढेल. नोट संपून जाते. आणि कंपनीला पत्र द्यायचं तर रजिस्टर पोस्टाने द्या, म्हणजे सही घेऊन पोचतं.

---

मीनल_हिंगणघाट | २४ डिसेंबर, सकाळी ८:१५

काका, तुमचा हेतू चांगला आहे, पण खळ्यावरचं धान्य हा गावाने ठरवून दिलेला मोबदला होता. तो कमी वाटला तरी घेणाऱ्याला बोलता येत नव्हतं. हा माणूस पगारी कामगार आहे, आपलं कुटुंब त्याचं मालक नाही. त्याला पैसे द्यावेत. त्यातून तो तूर घेईल नाहीतर मुलीची फी भरेल, ते त्याचं तो ठरवेल.

ओटीपीबद्दल मात्र माझं मत रनशीटवाल्या दादांपेक्षा कडक आहे. चिठ्ठीतून ते वगळा हे बरोबर, पण ती सवयच थांबवा. उद्या दुकानातून डबा हरवला तर भरपाई कुणाच्या माथी? त्याच्याच.

---

खाकी_थैली | २४ डिसेंबर, सकाळी १०:२२

मी शाखा डाकघरात आहे, तेव्हा टपालाचं तेवढं सांगतो. काका, २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टातच विलीन झालं आहे. आता स्पीड पोस्टच करायचं, पोचल्याची पावती तिथेही घेता येते.

दुसरं असं की हा धागा वाचून कुणाला गावच्या पोस्टमनला किंवा डाक सेवकालाही पाकीट द्यावंसं वाटेल. कृपा करून देऊ नका. टपाल वाटल्याबद्दल आम्ही ग्राहकाकडून पैसे घ्यायचे नसतात. नाही म्हणताना माणूस अवघडतो आणि घेतले तर त्याची चौकशी होते. त्याऐवजी विभागाच्या डाक अधीक्षकांना दोन ओळी लिहा, गावाचं आणि शाखा डाकघराचं नाव घालून. असं एक पत्र आमच्या शाखेबद्दल आलं होतं. मेल ओव्हरसिअर साहेबांनी ते मुद्दाम वाचून दाखवलं. मला ते अजून आठवतं.

---

दर्यापूरचे_काका | २४ डिसेंबर, दुपारी १२:१०

मीनलताई, तुमचं म्हणणं पटलं असं नाही म्हणणार. आमच्याकडे धान्य देणं म्हणजे आपल्या ताटातलं देणं, त्यात मालकी नव्हती. पण पोरगा गाडीवर असतो, पाच किलो डाळ कुठे ठेवणार, हे मात्र माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

---

दुचाकी_घाटंजी | २४ डिसेंबर, रात्री ९:३५

बाई नमस्कार. मी घाटंजीकडं पार्सल वाटतो. तुमचं वाचून लय बरं वाटलं, घरी बायकोले पन वाचून दाखवलं. पैसे किती द्याचे थे मी सांगत नाई, थो तुमचा इचार हाय. पन आमचं कसं राह्यते थे सांगतो.

सकायी हबवर थैली भरली का मी गावागावात फोन लावतो. नवा नंबर पाहून लोकं उचलत नाईत. मंग मी पंधरा-वीस किलोमीटर जातो अन्‌ घराले कुलूप, सारे कापूस येचाले वावरात. पार्सल वापस आनलं त मले त्याचे पैसे भेटत नाईत, पेट्रोल माह्यं. म्हून कोनी फोन उचलला, ओटीपी तयार ठेवला, त थेच मोठी गोष्ट हाय.

दुसरं, लोकं मानाने आत बोलावते, चा ठेवतो म्हनते. थैली गाडीवर सोडून आत बसता येत नाई, एक पार्सल गेलं त महिना जाते. म्हून मी दारातूनच पानी पितो अन्‌ निंगतो. कोनाले वाटते मानूस ताठ हाय. तसं नाई बाप्पा. तुमी चा बाहेर ओट्यावर आनून द्या, थैली डोयासमोर राह्यली का आमी दोन मिनिटं बसतो.

वरुडवाल्या ताईले पन सांगतो. तुमच्या घरी न येता शेरा मारला त थे चुकच हाय. पन कधी कधी एकच पार्सल दूरच्या गावचं राह्यते, अन्‌ शाखेत साहेब म्हनते शेरा मार, उद्या ने. मारनारा मी राह्यतो, शिव्या मलेच भेटते.

---

जुना_रनशीटवाला | २४ डिसेंबर, रात्री १०:५०

दुचाकी भाऊंनी नेमक्या जागी बोट ठेवलं. रक्कम किती याचं उत्तरही त्यातूनच निघतं.

बाई, तुमचं गाव आर्णीहून अठरा किलोमीटर धरू. जाऊन-येऊन ३६. गाडी लिटरला पन्नास देते असं मानलं तर पाऊण लिटरच्या जरा खाली पेट्रोल जळतं, म्हणजे साधारण ७५ रुपये. माझ्या शाखेत शेवटी शेवटी पार्सलमागे १४ रुपये दर होता, पेट्रोल ज्याचं त्याचं. पाच पार्सल असतील तर ७० मिळतात, पेट्रोलही सुटत नाही. सहावं असेल तेव्हा कुठे हाती काही राहतं. म्हणून पोरं एका गावाची पार्सलं साठवून जातात आणि म्हणूनच खेड्यात एक-दोन दिवस उशीर होतो. सगळीकडे आळसच असतो असं नाही.

आता तुमचा डबा बघा. तो थांबू शकत नाही. म्हणजे वर्षातल्या बऱ्याच फेऱ्या या भाऊंनी तुमच्या एका डब्यासाठी केल्या असणार आणि प्रत्येक फेरीत खिशातले साठ-एक रुपये घातले असणार. त्या सगळ्या भरून देणं तुमचं काम नाही, ते कंपनीचं आहे. पण रक्कम ठरवताना हा आकडा डोळ्यासमोर असू द्या. मला विचाराल तर पाचशे योग्य. त्याहून फार मोठी रक्कम दिली तर पुढच्या वेळी तुमच्या दारात यायला तोच संकोचेल. शंभर दिले तरी तो हसून घेईल, पण तुमच्यासाठी त्याने जे केलं त्याच्याशी ते जुळत नाही.

वरुडच्या ताई, खोट्या शेऱ्यावर उपाय आहे, पण त्याच दिवशी करावा लागतो. मेसेज आल्याआल्या ट्रॅकिंगचा फोटो काढा, त्यात वेळ दिसते. आपल्या फोनचा कॉल लॉगही जपा. त्या वेळेला कुणाचाच फोन आलेला नाही हे दिसतं आणि विक्रेत्याकडे तक्रार करताना हाच पुरावा चालतो. पार्सल परतीला लागलं की शाखेच्या हातात फार काही उरत नाही.

---

वरुडची_संत्री | २५ डिसेंबर, सकाळी ७:५५

कॉल लॉग अजून आहे! आजच पाठवते. आणि दुचाकी भाऊ, तुमचं वाचून वाईट वाटलं. मी त्या पोराला फोनवर बरंच बोलले होते.

---

शाळेतल्या_बाई | २५ डिसेंबर, दुपारी ३:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. बरं झालं पाठवायच्या आधी इथे विचारलं. नवा मसुदा मामाजींनी आणि मी मिळून केला. शेवटचं वाक्य त्यांचं आहे.

"भाऊ, नमस्कार. या वर्षी आमच्या घरी येणारं औषधोपचाराचं सामान तुम्ही प्रत्येक वेळी कोरडं, न फुटलेलं आणि वेळेत आणून दिलं. निघायच्या आधी फोन केला. जुलैच्या पुरात पाणी उतरेपर्यंत थांबून आलात. घरातल्या म्हाताऱ्या माणसाशी तुम्ही नेहमी मानाने वागलात. सोबतची भेट तुमच्या पेट्रोलसाठी आहे, नाही म्हणू नका. तुम्ही येता तेव्हा मला कुणाची लाज वाटत नाही."

शाखेला द्यायच्या पत्रातून ते शेवटचं वाक्य आणि भेटीचा उल्लेख काढते. बाकी तेच ठेवू ना? आणि त्यात त्यांचं नाव घालायचं की नाही?

मीनलताई, दुकानाचंही बोलले. पुढच्या ऑर्डरपासून पत्त्यातच दुकानाचं नाव "द्वारा" म्हणून घालते आणि पर्यायी नंबर दुकानदाराचा देते. डबा त्यांच्या हातात पडला की ते मला फोन करतील, मग मी ओटीपी सांगेन.

---

जुना_रनशीटवाला | २५ डिसेंबर, संध्याकाळी ६:१५

चिठ्ठीत आता बोट ठेवायला जागा नाही. मामाजींना माझा नमस्कार सांगा.

शाखेच्या पत्रात नाव घाला, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तीन-चार पार्सलांचे एडब्ल्यूबी नंबर घाला. पार्सलच्या लेबलवर बारकोडखाली असतो तो. नाव चुकू शकतं, एका नावाची दोन पोरं असू शकतात. नंबर टाकला की कुणाच्या रनशीटवर ते पार्सल होतं हे लगेच निघतं. जुनं ट्रॅकिंग काही महिन्यांनी दिसेनासं होतं, म्हणून नंबर आत्ताच टिपून ठेवा. कंपनीच्या ईमेलवर पाठवलं तर तक्रार क्रमांक येतो आणि बऱ्याचदा तिथेच थांबतं. छापील पत्र तालुक्याच्या शाखेत द्या. आमच्याकडे असं पत्र आलं की मी हिशेबाच्या टेबलामागच्या भिंतीवर चिकटवायचो.

---

मीनल_हिंगणघाट | २५ डिसेंबर, रात्री ८:०२

"द्वारा" ही पद्धत चांगली. दुकानदाराला मात्र सांगा, पाकीट फुटलेलं दिसलं तर घेऊ नका आणि फोटो काढा.

---

शाळेतल्या_बाई | ३० डिसेंबर, रात्री ८:४५

आज डबा आला, पैसे आधीच भरलेले होते. पाकीट दिलं. चहा ओट्यावर दिला, थैली समोर ठेवून. भाऊ बसले. चिठ्ठी त्यांनी तिथेच वाचली, दोनदा वाचली, आणि घडी करून गाडीच्या कागदपत्रांच्या पाऊचमध्ये ठेवली. पैसे घ्यायला आधी तयार नव्हते. मामाजी आतून बाहेर आले आणि म्हणाले, "पोरा, पेट्रोलचे आहेत." मग घेतले.

पण शाखेच्या पत्राचं सांगितल्यावर ते गप्प झाले. म्हणाले, "मॅडम, ते नका देऊ." कारण विचारलं तर म्हणाले, मागे एका पोराचं असंच कौतुक झालं आणि साहेबांनी "तुला जमतं" म्हणून लांबची गावं त्याच्याच माथी मारली. दर तोच. त्यांच्याकडे आधीच नाल्यापलीकडची सगळी गावं आहेत.

आता काय करावं? पत्र छापून तयार आहे.

---

जुना_रनशीटवाला | ३० डिसेंबर, रात्री १०:१०

तो म्हणतो ते खरं आहे. मी स्वतः असं केलंय. अवघड रस्ता मी नेहमी खात्रीच्या पोरालाच द्यायचो, कारण माल परत येऊ नये ही जबाबदारी माझी होती. दर वाढवणं माझ्या हातात नव्हतं. त्याने नको म्हटलं तर देऊ नका. मेसेजच्या लिंकवर तारे द्या, त्याने रस्ता बदलत नाही. काही कंपन्यांत तारे महिन्याच्या बोनसमध्ये धरतात, तुमच्या शाखेत धरतात का ते त्यालाच विचारा.

---

मीनल_हिंगणघाट | ३० डिसेंबर, रात्री १०:२६

मला हे पटत नाही. चांगल्या कामाची कुठे नोंदच झाली नाही तर दर वाढवून मागताना तो दाखवणार काय? सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे, त्यात अ‍ॅपवर काम करणाऱ्यांचा समावेश आहे. अशा वेळी लेखी कागद हाताशी असलेले बरे. पत्र शाखेत देऊ नका, पण सही करून त्यालाच देऊन ठेवा. कधी वापरायचं ते तो ठरवेल.

---

दुचाकी_घाटंजी | ३१ डिसेंबर, सकाळी ६:५०

मीनलताई, आमी कंत्राटदाराचे पोरं, अ‍ॅपवाले नाई. थो कायदा आमाले लागते का नाई थे हबवर कोनालेच सांगता येत नाई. पन कागद थ्या भाऊले देऊन ठेवा, हे मले पटलं. माह्याजवळ असा एक कागद राह्यला असता त दुसऱ्या शाखेत जाताना कामी आला असता. आज थैली मोठी हाय, निंगतो.

---

शाळेतल्या_बाई | ३१ डिसेंबर, सकाळी ७:२०

मग तसंच करते. पत्रावर तारीख, एडब्ल्यूबी नंबर आणि माझी सही घालून पुढच्या डब्याच्या वेळी त्यांच्याच हातात देईन. कंत्राटदाराच्या पोरांना कायदा कसा लागू होतो हे कुणाला नक्की माहीत असेल तर वेगळा धागा काढा, मी तिथे येईन.